गुडघ्याच्या एक्सरेनं तपासलेली उत्तरपत्रिका

आमचं घराणं कापड रंगवणाऱ्यांचं आणि छापणाऱ्यांचं. साडीवर बुट्टी उमटवायची तर आधी जाड कागदाला भोकं पाडायची, कागद कापडावर ठेवायचा आणि भोकातून रंग सोडायचा. भोक बरोबर तर बुट्टी बरोबर. चौथीत शाळा सोडल्यावर मी आयुष्यभर हेच केलं. त्यामुळे भोकांच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये, असं माझं मत होतं. अजूनही आहे.

नात पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला. डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी कुवेंपुनगरात एका क्लासला जाते. तिथे सकाळी सहाची एक बॅच आहे, हुशार मुलांची. सर स्वतः शिकवतात ती तेवढीच. दोनशेच्या चाचणीत एकशे वीस पडले तर त्या बॅचला घेतात, नाहीतर संध्याकाळच्या गर्दीत. नातीनं त्या सकाळच्या बॅचसाठी टीव्ही सोडला होता, आणि मलाही सोडायला लावला होता.

चाचणी झाली. दुसऱ्या दिवशी ती मोबाईल हातात धरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली, तोंड एवढंसं.

"किती?" मी विचारलं.

"एकशे तेरा. अज्जा, पेपर चांगला गेला होता रे मला."

मोबाईलवर सगळं आलं होतं. प्रश्नाचा नंबर, हिनं चारातला कोणता गोल रंगवला, बरोबर उत्तर काय, आणि त्याचे गुण. पन्नास प्रश्नांच्या पन्नास ओळी आणि खाली बेरीज. बरोबरला चार, चुकलं तर एक कापायचा, कोरं सोडलं तर शून्य.

"तपासलं कुणी?"

"मशीननं."

"मग सरांनी काय केलं?"

"फी घेतली," सूनबाई आतून म्हणाली.

मशीननं तपासलं म्हणजे माणसानं बघितलंच नाही. हे मला पटेना. नातीकडे उत्तरपत्रिका परत आली होती, उत्तरांची यादीही होती. मी माझ्या गुडघ्याचा जुना एक्सरे काढला. काळा, मऊ, कापायला सोपा. उत्तरपत्रिकेवर ठेवून बरोबर उत्तराचा गोल जिथे जिथे येतो तिथे पेन्सिलनं खूण केली आणि चामडं टोचायच्या पंचनं पन्नास भोकं पाडली.

"मामंजी, तो एक्सरे डॉक्टरांना दाखवायचा होता," सूनबाई म्हणाली.

"दाखव की. आता आरपार दिसेल."

एक्सरे पत्रिकेवर बसवला. भोकातून काळं दिसलं की बरोबर. बत्तीस भोकं काळी. मग एक्सरे उचलला आणि उरलेल्या ओळींत कुठे रंगवलंय ते बघितलं. सहा ठिकाणी. म्हणजे सहा चूक. बाकी बारा कोऱ्या. बत्तीस चोक एकशे अठ्ठावीस, त्यातून सहा गेले, एकशे बावीस.

"बावीस!" मी ओरडलो. "एकशे बावीस! मशीनला डोळे नाहीत."

नातीचा चेहरा असा उजळला की तेवढ्यावर मी दूर गावाबाहेर येलवालपर्यंत चालत गेलो असतो. गेलो क्लासला, रिक्षानं. नात "अज्जा, तू बोलू नको, मी बोलते" असं सांगत होती. मी हो म्हणत होतो.

सर पुण्याकडचे, तरुण, बोलणं एकदम स्वच्छ. मी टेबलावर एक्सरे ठेवला.

"आजोबा, मी हाडांचा डॉक्टर नाही हो."

"गुडघा सोडा. भोकं बघा."

त्यांनी बघितली. हसले नाहीत, हे सांगायला हवं. उलट म्हणाले, पूर्वी काही शाळांत असंच तपासायचे. मग मोबाईलवरच्या ओळी आणि पत्रिका शेजारी ठेवून एकेक प्रश्न घेतला. अकराव्याला थांबले.

"हे बघा. हिनं आधी पहिला गोल रंगवला, मग त्यावर फुली मारून दुसरा रंगवला."

"दुसरा बरोबर आहे ना?"

"आहे. पण दोन गोल काळे झाले. दोन भरले की उत्तर चूक धरतात. खरी परीक्षाही तशीच. तुमच्या भोकातून बरोबर गोल तेवढा दिसतो, शेजारचा झाकला जातो."

सत्ताविसाव्यालाही तेच. नात खाली बघायला लागली.

"फुली मारलीय की तिनं," मी म्हणालो. "फुली म्हणजे नको. हे लहान पोराला कळतं."

"मशीनला फुली कळत नाही, आजोबा. काळं कळतं."

"मग लहान पोराला बसवा तपासायला."

पण कायदा पत्रिकेवर छापलेला होता, कन्नडमध्येसुद्धा. चार मिळायचे तिथे एक गेला, म्हणजे प्रश्नाला पाच. दोन प्रश्नांचे दहा. एकशे बावीसातून दहा गेले. सकाळची बॅचही गेली. नातीनं बॅग खांद्याला लावली.

मी उठलो नाही.

"माझे उरले एकशे बारा," मी म्हणालो. "मशीन म्हणतं एकशे तेरा. एक कुठला?"

"जाऊ द्या ना, आजोबा. जास्तच आहे की."

"जास्त का? माझ्या बेरजेत चूक नाही."

"अज्जा, सुम्ने चल ना," नात म्हणाली. सुम्ने म्हणजे गुपचूप. मला ते आयुष्यात जमलेलं नाही.

पुन्हा ओळी चालू. अडतिसाव्याला मशीननं लिहिलं होतं, कोरं, शून्य. पत्रिकेत मात्र एक गोल फिकट भरलेला. हिनं पेन नुसतं फिरवून सोडलेलं.

"अर्धवट भरलं तर मशीन कोरं धरतं," सर म्हणाले.

"पण भरलंय ना?"

"तसं म्हटलं तर भरलंय."

"उत्तर चूक आहे?"

"चूक आहे."

"मग कापा एक."

"अज्जा!" नातीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "नऊ गुण आणायला आलास आणि एक देऊन चाललास?"

सर आता खरेच हसत होते. त्यांनी काही कापलं नाही. मला वाटतं, माझ्यासमोर कापण्याचा त्यांना धीर झाला नाही. पण म्हणाले, दोन आठवड्यांनी पुन्हा चाचणी आहे, तिला बसू द्या. मग नातीला म्हणाले, जिथे खात्री नाही तिथे पेन टेकवू नको, आणि टेकवलंस तर उत्तर बदलू नको.

रिक्षात नात एक्सरे मांडीवर धरून बसली. कुवेंपुनगर संपल्यावर म्हणाली, "त्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर मला येत होतं."

"मला माहीत आहे," मी म्हणालो. "भोकातून दिसलं."

पुढचे दोन आठवडे घरी सरावाच्या पत्रिका मी तपासल्या. एक्सरे तोच, जुनी भोकं चिकटपट्टीनं बुजवायची आणि त्या त्या पत्रिकेच्या उत्तरांप्रमाणे नवी पाडायची. फक्त आता तो ठेवायच्या आधी मी लाल पेन्सिल घेऊन बसे आणि ज्या ओळीत दोन काळे तिच्यावर रेघ ओढे. हे मी माझ्या चुकीमुळे करत नव्हतो, त्यांच्या कायद्यासाठी करत होतो. सूनबाईला हे दोनदा समजावून सांगितलं. रेघ ओढली की नात ओरडायची, मी पुढची ओढायचो. हळूहळू रेघा कमी झाल्या. आधी बोटानं प्रश्न वाचायची, मग पेनचं टोपण काढायची.

दुसऱ्या चाचणीची पत्रिका उत्तरांच्या यादीसकट घरी आली, ती मी मोबाईल वाजायच्या आधीच तपासून ठेवली. लाल रेघ एकही नाही. काळी भोकं बत्तीस. चूक सात. कोऱ्या अकरा. एकशे एकवीस. कागदावर लिहून कागद उलटा ठेवला आणि कुणाला सांगितलं नाही.

मोबाईल वाजला. नातीनं ओळी सरकवत सरकवत खालची बेरीज गाठली आणि किंचाळली. एकशे एकवीस. मी कागद उलटवून दाखवला.

सूनबाईनं साखर दिली. म्हणाली, "मामंजी, आता तरी म्हणा मशीन बरोबर आहे."

मी साखर खाल्ली, एक्सरे पुसून पाकिटात ठेवला आणि म्हणालो, "सुधारलंय."