पाचशे ग्रॅम आणि वर चार बोटं

माझे सासरे, आमचे बाबा, पस्तीस वर्षं भिवंडीत लूमवर होते. कारखाना बंद झाला तेव्हा त्यांचे हात रिकामे झाले आणि आम्हा सगळ्यांचा जीव खायला लागले. शेलार गावातल्या घरात बसून ते वाळलेल्या कपड्यांची पुन्हा घडी करायचे, मी घातलेली घडी मोडून. मला राग यायचा आणि हसूही यायचं.

मी वडप्याच्या एका गोडाऊनमध्ये पार्सलं स्कॅन करायची. उभ्याची ड्युटी. संध्याकाळी पायांना सूज यायची, आणि घरी बाबा झाकून ठेवलेलं ताट दुपारी एकट्याने जेवलेले असायचे. सासूबाई गेल्यापासून ते तसंच चाललं होतं. दिवसभर दुसऱ्यांची पार्सलं हाताळताना मला वाटलं, आपलीही का नसावीत? बाबांच्या जुन्या शेठकडून टॉवेल घ्यायचे, दोनाचा जोड करायचा आणि ऑनलाइन विकायचा. नवऱ्याने एकच अट घातली. तीन महिने सलग गोडाऊनच्या पगाराइतके पैसे सुटले, तर नोकरी सोड. नाही सुटले, तर दुकान बंद. मी हो म्हटलं. पगार बारा हजार होता.

किंमत ठरवताना पहिली ठेच लागली. जोड पॅकिंगसकट दोनशे चाळीसला पडत होता, ऐंशी आपले, म्हणजे तीनशे वीस हातात यायला हवे. कपात साधारण पस्तीस टक्के जाते असं ऐकलं होतं, म्हणून मी तीनशे वीसवर पस्तीस टक्के चढवून चारशे बत्तीसला माल लावला. पहिल्याच पैशांनी शुद्धीवर आले. ते टक्के आपल्या आकड्यावर नसतात, गिऱ्हाईक देतं त्या किमतीवर असतात. मग उलटा हिशोब मांडला आणि किंमत पाचशे केली. बारा टक्के कमिशनचे साठ, पैसे गोळा करण्याचे दोन टक्के म्हणजे दहा, प्रत्येक ऑर्डरची ठरलेली फी वीस, अर्ध्या किलोपर्यंतचं कुरिअर साठ. झाले दीडशे. त्यावर अठरा टक्के जीएसटी, सत्तावीस. शिवाय करापोटी तीनेक रुपये आधीच कापून ठेवतात. खात्यात तीनशे वीस. टॉवेलवरचा पाच टक्के कर आम्हालाच भरायचा होता, पण फीवर दिलेल्या कराची वजावट मिळून तो फिटत होता. महिन्याला दीडशे पार्सलं गेली की बारा हजार. मी तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

बाबांना हे समजावताना माझी दमछाक झाली. पाचशेतले एकशे ऐंशी कुठे गेले, हे ते रोज विचारायचे. त्यांचं म्हणणं, एवढी दलाली तर बाजारातला दलालही घेत नाही. पण पॅकिंग मात्र त्यांनी हट्टाने आपल्याकडे घेतलं. सोमवार ते शनिवार मी ड्युटीवर, तेव्हा पार्सलं ते बांधायचे, रविवारी मी. त्यांची घडी इतकी नेटकी की टॉवेल नवाकोरा वाटायचा. खरं तर तो नवाकोराच होता, पण माझ्या घडीत तसा दिसायचा नाही.

ऑर्डरी आल्या. पहिला महिना दीडशेच्या वर गेला. आणि पैसे बारा हजार सुटलेच नाहीत.

यादी उघडून एकेक ऑर्डर पाहिली. काहींचे तीनशे वीस आले होते, पण बहुतेकांचे दोनशे त्र्याहत्तर. कमिशन तेच, फी तीच. कुरिअर मात्र साठऐवजी शंभर, आणि त्या चाळीसवर पुन्हा जीएसटी. म्हणजे वजन अर्ध्या किलोच्या पुढे धरलं होतं. मी एक पार्सल बांधून भाजीच्या काट्यावर ठेवलं: चारशे साठ. माझं डोकं सटकलं. तक्रार टाकली, वजन चुकीचं लावता म्हणून. तिकडून काट्यावरच्या माझ्याच पार्सलाचा फोटो आला. पाचशे चाळीस. मी म्हटलं, यांचे काटेच खोटे. नवरा म्हणाला की दुकान बंद कर आता, आणि त्या रात्री मी त्याच्याशी बोलले नाही.

दोन दिवसांनी एक पार्सल परत आलं. गिऱ्हाईक घरी सापडलं नव्हतं. फोडून पाहिलं. दोन टॉवेल, मधे पुठ्ठा, आणि टॉवेलाच्या घडीत अगदी आत लपवलेला एक छोटा नॅपकिन. काठ हाताने दुमडून शिवलेला. आमच्या यादीत नॅपकिन नव्हताच.

बाबा ओट्यावर बसले होते. मी तो नॅपकिन त्यांच्यापुढे धरला. ते जरा ओशाळले, मग म्हणाले, "शेठकडचे तुकडे हायेत, फुकटचे. मापाच्या वर चार बोटं जायाला पायजे पोरी. न्हायतर गिऱ्हाईक परत येत न्हाय."

कारखान्याबाहेरच्या दुकानात त्यांचा शेठ कापड मोजून झालं की चार बोटं सोडून मग कात्री लावायचा. ते यांनी पस्तीस वर्षं पाहिलं होतं. मला हे सगळं माहीत होतं, तरी मी तोंड सोडलं. या चार बोटांपायी दर पार्सलामागे सत्तेचाळीस रुपये गेले, तुमच्या दानधर्मावर माझे पाय सुजतात, असं म्हणाले. म्हणायला नको होतं. नॅपकिनांचा गठ्ठा उचलून त्यांनी खाटेखाली सारला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी पार्सलं बांधायला बसले आणि ते समोर येऊन बसले. भाजीचा काटा त्यांनी आपल्याकडे ओढला. टॉवेल ठेवले, पिशवी ठेवली, मग पुठ्ठा ठेवून पाहिला. पुठ्ठा एकटाच साठ ग्रॅमचा.

"ह्यो कशापायी?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की घडी ताठ राहावी म्हणून. गोडाऊनमध्ये चांगल्या मालात पुठ्ठा असतोच. त्यांनी पुठ्ठा बाजूला ठेवला, टॉवेल पुन्हा घातला, कडेवरून तळहात दाबत नेला आणि घडी माझ्या हातात दिली. ती पुठ्ठ्याशिवाय ताठ होती. मग त्यांनी खाटेखालून एक नॅपकिन काढून आत सरकवला आणि सगळं काट्यावर ठेवलं. चारशे ऐंशी. माझी चूक मला एवढी मुकाट्याने कुणी दाखवली नव्हती. माझ्या घडीला आधार लागत होता, त्यांच्या घडीला नाही. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, नॅपकिन शिवायला दोरा आण.

त्या दिवसापासून पुठ्ठा बंद झाला आणि रविवारची पार्सलंही तेच बांधायला लागले. नवऱ्याच्या अटीचे तीन महिने नव्याने मोजायला घेतले. त्या तीन महिन्यांत एकाही ऑर्डरवर शंभराचं कुरिअर लागलं नाही आणि दर महिन्याला बारा हजार सुटले. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी मी शिफ्टवरून आले, तेव्हा बाबा दारातच उभे होते. नेहमीचाच प्रश्न, पाचशेतले किती आले.

"तीनशे वीस. सगळ्यांचे."

"नॅपकिन जाऊनबी?"

"जाऊनही."

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, चपला काढताना मी भिंत धरली होती. मग म्हणाले, "मंग उद्यापासून दुपारी घरी जेव. दोघांचं ताट मी वाढीन."