मागच्या बाकावरच्या मॅडम

आमच्या कॉलेजात त्यांना कोणी नावाने ओळखत नाही. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना 'मागचा बाक' म्हणतात. हे त्यांना ठाऊक आहे, आणि त्यांना त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. मला मात्र त्यांच्या जागी कोणी असं म्हटलं असतं तर मी त्याला उभा जाळला असता. मी हिशेबशास्त्र शिकवतो, माझा पारा लवकर चढतो, आणि शिक्षक-खोलीत माझं टेबल त्यांच्या टेबलाला लागून आहे. त्यामुळे मी जे सांगतोय ते अगदी जवळून पाहिलेलं आहे.

मॅडम संभाषणकौशल्य शिकवतात. तिसऱ्या वर्षाच्या पोरांना एका विषयावर सगळ्यांसमोर उभं राहून बोलावं लागतं, त्याचे चाळीस गुण. चार रकाने, प्रत्येकी दहा: आशय, सादरीकरण, दृश्य साधनं आणि प्रश्नांची उत्तरं. वीस मिळाले तर पास, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा या. दोन परीक्षक असतात, एक आमचा आणि एक बाहेरून आलेला. दोघांनी एकमेकांना न दाखवता गुण द्यायचे आणि मग कागद शेजारीशेजारी ठेवायचे. दोघांत पाचाहून जास्त फरक असला तर एकेका रकान्यावर बोलून एकमत करायचं. ते झाल्याशिवाय सह्या होत नाहीत.

परीक्षकांसाठी पहिल्या रांगेसमोर टेबल मांडलेलं असतं. पांढरं कापड, पाण्याचा ग्लास, गादीची खुर्ची. मॅडम त्या खुर्चीवर कधी बसल्या नाहीत. आपली पेन्सिल आणि कागद घेऊन त्या सरळ मागे जातात आणि शेवटच्या बाकावर, पोरांच्या मधोमध, अंग चोरून बसतात. गुणासमोर एक ओळ लिहितात, काय दिसलं आणि काय ऐकू आलं त्याची. ओळ सुचली नाही तर गुणही लिहीत नाहीत.

"मॅडम, तुम्हाला पुढे काय काटे टोचतात का हो?" असं मी त्यांना कितीदा छेडलंय.

"तुम्ही घंटा वाजवा," त्या म्हणतात. वेळ संपल्याची घंटा वाजवायचं काम माझ्याकडे असतं, म्हणून हा टोमणा.

एकदाच त्यांनी नीट उत्तर दिलं. "मी शिकत होते तेव्हा सगळी वर्षं मागे बसले. पुढच्या जागा हुशार मुलांच्या होत्या. अर्धं शिक्षण मला ऐकूच आलं नाही. ज्याला ऐकू येत नाही तो वाईट विद्यार्थी, असंच सगळे समजत होते. मीसुद्धा." एवढं बोलून त्यांनी डबा उघडला.

तर यंदाची गोष्ट. पुन्हा परीक्षा देणारी एक मुलगी होती. वर्गात तिला 'भोंगा' म्हणत. तिची आई बसमध्ये कंडक्टर, आणि आईचा आवाज लेकीने जसाच्या तसा उचललेला. भोंग्याने लायब्ररीत कुजबुज केली तरी बाहेरच्या झाडावरचे कावळे उडायचे. मागल्या वर्षी कोणीतरी शहाण्याने तिला 'जरा नाजूक बोल' असा सल्ला दिला. तिने तो मनावर घेतला, हातातल्या कागदात तोंड खुपसून पुटपुटली आणि आपटली. आता ही शेवटची संधी होती. या विषयात पुन्हा नापास झाली तर पदवी लटकणार, आणि पदवी लटकली तर परिवहन कार्यालयातली ठरलेली नोकरी जाणार. आई गणवेशातच, दुसऱ्या कंडक्टरशी पाळी बदलून, व्हरांड्यातल्या लाकडी बाकावर येऊन बसली होती.

सरावाच्या वेळी मॅडमनी तिला एवढंच सांगितलं होतं, "तुझा आवाज लपवायचा नाही. शेवटच्या बाकाशी बोल."

भोंग्याच्या आधी एक टायवाला होता. गोरागोमटा, इस्त्रीचा, आवाज तुपात घोळलेला. पडद्यावर त्याने एकामागून एक रंगीत तक्ते दाखवले. बाहेरचे परीक्षक, एका मोठ्या कॉलेजातले वयस्कर सर, पुढच्या खुर्चीवर मान डोलावत होते. मीही डोलावली, खोटं कशाला बोलू? मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो.

मग भोंगा उठली, आणि प्रोजेक्टर बंद पडला. निळा दिवा लुकलुकला आणि विझला. प्रयोगशाळेचे सहायक धावत आले, वायरी उपटल्या, खोचल्या, पण काही होईना. सर म्हणाले, "थांबायचं की सुरू करायचं?" पोरीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तिने एकदा मागे पाहिलं. मॅडम पेन्सिल धरून बसल्या होत्या, परीक्षक म्हणून त्यांना हूं की चूं करता येत नव्हतं.

"सुरू करते," भोंगा म्हणाली आणि तिने खडू उचलला.

तिचा विषय होता, बराच वेळ बस येत नाही आणि मग दोन एकदम का येतात. तिने फळ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक जाड रेघ ओढली, तो रस्ता. त्यावर मोठे गोल, ते थांबे. दोन चौकोन, त्या बस. "पुढची बस थोडी उशिरा पोचली," ती कडाडली, "की थांब्यावर माणसं जास्त जमतात. ती चढेपर्यंत आणखी उशीर. मागच्या बसला मात्र माणसंच उरत नाहीत, म्हणून ती झरझर येते आणि पुढचीला गाठते!" बोलताबोलता ती मागचा चौकोन पुसून पुढे पुढे काढत गेली, आणि शेवटच्या थांब्यावर दोन्ही चौकोन एकमेकांना चिकटले. मागच्या पोरांतून हशा आला. समजल्याचा हशा होता तो.

सर मात्र कानांवर हात ठेवून बसले होते.

ते म्हणाले, "मग बस वाढवा, झालं!"

"नाही सर, वाढवल्या तरी त्या चिकटणारच. मागचीला एखाद्या थांब्यावर थोडं थांबवून धरायचं, म्हणजे अंतर टिकतं."

"त्यात इंधन किती जास्त जाईल?"

"ते मला माहीत नाही, सर. मी तो हिशेब केलेला नाही. डेपोत रोजच्या इंधनाची नोंद असते, तिथून काढावा लागेल."

मी घंटा वाजवली.

जेवणाच्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला. दोन कागद शेजारीशेजारी ठेवले. सरांचे आशयाला सहा, सादरीकरणाला तीन, दृश्य साधनांना एक, उत्तरांना चार. एकूण चौदा. मॅडमचे तीस.

"तीस?" सर हसले. "अहो, ती ओरडत होती. पडद्यावर तर काहीच नव्हतं. आणि परीक्षेत 'माहीत नाही' म्हणते!"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तोंड उघडणार एवढ्यात मॅडमनी हात वर केला.

"सर, रकान्यावर 'दृश्य साधनं' लिहिलंय, 'पडदा' नाही. प्रोजेक्टर आपला बंद पडला, तिचा नाही. आणि तो बंद पडल्याचे गुण तुम्ही सादरीकरणातही कापलेत. तुम्ही इथे 'सुरुवातीला गडबड' असं लिहिलंय. एका चुकीला दोनदा शिक्षा, आणि चूकही तिची नाही."

"पण ओरडणं?"

"चला माझ्याबरोबर," मॅडम म्हणाल्या.

सरांना त्यांनी शेवटच्या बाकापर्यंत नेलं. मीही गेलो. इतकी वर्षं या कॉलेजात काढून त्या बाकावर मी पहिल्यांदाच टेकलो. डोक्यावर पंखा खडखडत होता. मागच्या खिडकीतून रस्त्याचा सगळा गोंगाट थेट मानेवर येत होता. समोर फळ्यावरची रेघ, गोल आणि चिकटलेले दोन चौकोन लख्ख दिसत होते.

तोवर प्रोजेक्टर दुरुस्त झाला होता. मॅडमनी सहायकांना टायवाल्याचे तक्ते लावायला सांगितले. पडदा रंगीबेरंगी झाला. सरांनी चष्मा पुसला. पुढे झुकले. पुन्हा पुसला.

"काय लिहिलंय?" मॅडमनी विचारलं.

मी डोळे ताणले, मला मुंग्यांची रांग दिसली. मॅडमनी मला खूण केली, तसा मी उठून पुढे गेलो आणि माझ्या नेहमीच्या आवाजात वर्तमानपत्राचा एक परिच्छेद वाचला.

"वाचायला सुरुवात करा की," सर मागून ओरडले.

"संपला, सर!"

असलं सुख मला आयुष्यात फार वेळा मिळालेलं नाही. सर बाकावर बसल्याबसल्या मोठ्याने हसले. मोठा माणूस म्हणायचा. "म्हणजे मी याला साधनांचे नऊ दिले ते आपल्या खुर्चीला दिले," ते म्हणाले.

मग एकेक रकाना झाला. टायवाल्याचे नवाचे पाच झाले. आशय त्याचा चांगला होता, तिथे कोणी हात लावला नाही. भोंग्याच्या 'माहीत नाही'वर मॅडम म्हणाल्या, "थाप मारली असती तर मी दोन दिले असते. माहीत नाही हे सांगितलं आणि कुठून कळेल तेही सांगितलं." सरांनी मान डोलावली. पण मॅडमनी आपल्याही कागदावर रबर फिरवला. "चौकोन काढताना ती फळ्याकडे तोंड करून बोलली. तेवढी वाक्यं मलाही अर्धवट ऐकू आली. सादरीकरणाचे सात नको, सहा." मी कपाळाला हात लावला. जिंकत आलेला डाव कोणी असा सोडतं का? पण मॅडमना डाव जिंकायचा नव्हता, गुण बरोबर द्यायचे होते. आशय सात, सादरीकरण सहा, साधनं आठ, उत्तरं सात. अठ्ठावीस. दोघांच्या सह्या झाल्या.

पुन्हा परीक्षा देणाऱ्यांचा निकाल आमच्याकडे त्याच दिवशी सूचनाफलकावर लावतात. तो लावायला मी स्वतः गेलो, शिपायाला जाऊ दिलं नाही. भोंग्याने बोटाने ओळ शोधली, पुन्हा शोधली, आणि मग ती जी ओरडली, "आई, पास!" बाकावरून गणवेशातली आई उठली आणि तिच्याहून मोठ्याने ओरडली, "किती?" "अठ्ठावीस!" "किती?" तिला पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं, फक्त पुन्हा ऐकायचं होतं. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. वरच्या मजल्यावरून प्राचार्य डोकावले, आणि त्यांनी कोणालाही हळू बोला म्हटलं नाही.

मॅडम जिन्यात उभ्या होत्या. डोळ्यांना रुमाल लावून त्या हसत होत्या.

दुपारची फेरी सुरू झाली. मी घंटा घेऊन वर्गात शिरलो तर पुढच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या. सर शेवटच्या बाकावर, मॅडमच्या शेजारी, गुडघे आवळून बसले होते. मीही घंटा उचलली आणि मागे गेलो. फळ्यापाशी उभं राहिलेलं पोर गांगरलं. रिकाम्या खुर्च्यांकडे बघत त्याने विचारलं, "सर, मी बोलू कोणाशी?"

"आमच्याशी," सर मागून ओरडले. "आम्ही इथे आहोत!"