दोन म्हणजे काय

तिरोड्याजवळच्या राईस मिलमध्ये कर्मचाऱ्यांच्या मूल्यमापनाचा फॉर्म मीच बनवला होता. कामाची गुणवत्ता, एक ते पाच. एक खराब, पाच उत्कृष्ट. मधल्या आकड्यांपुढे काहीच नव्हतं. ऑफिसात बसून, उंटावरून शेळ्या हाकत केलेलं काम, आणि मला त्याचा अभिमानही होता.

सॉर्टेक्सवर, म्हणजे काळा-पिवळा दाणा वेगळा काढणाऱ्या मशीनवर, एक बाई हेल्पर होत्या. त्यांना तीन वर्षं दोनच गुण मिळत होते. तीनच्या खाली असेल त्याला ऑपरेटरची जागा नाही, हाही नियम माझाच. यंदा ती जागा रिकामी झाली, तेव्हा त्या माझ्या टेबलापाशी आल्या.

"मॅडम, मले दोन काऊन भेटते? दोन म्हणजे काय, ते तं सांगा."

मी फॉर्म काढून पाहिला, दोनपुढची जागा कोरी होती. लाज वाटली, आणि त्याहून जास्त राग आला, तोही स्वतःचाच.

त्यांचा फॉर्म भरणाऱ्या दिवसपाळीच्या सुपरवायझरांना विचारलं. "बाई बोलत नाही, धावपळ दिसत नाही," ते म्हणाले. मशीन बंद पडलं की आरडाओरडा करत धावणाऱ्याला त्यांनी पाच दिले होते. बाईंच्या पाळीत मशीन बंदच पडत नव्हतं, मग धावणार कशाला? दुसऱ्या पाळीच्या सुपरवायझरांचे तीन म्हणजे 'तक्रार नाही', तर यांचे तीन म्हणजे 'ठेवावं का, विचार करू'.

मग दोघांना घेऊन मी सॉर्टेक्सपाशीच बसले. 'चांगला', 'मेहनती' हे शब्द बाद. डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहायचं. तीन दिवस वाद घातला तेव्हा जमलं. एक: सांगूनही मशीनच्या कॅमेऱ्यापुढची काच पुसत नाही. दोन: सांगितल्यावरच पुसतो. तीन: न सांगता ठरल्या वेळी पुसतो, बाद दाण्याचा ट्रे बघतो. चार: ट्रेमध्ये चांगला तांदूळ दिसला तर कारण शोधतो, ऑपरेटरला सांगतो. पाच: एवढं सगळं करून दुसऱ्यालाही शिकवतो. आणि प्रत्येक आकड्यापुढे स्वतः पाहिलेला प्रसंग लिहायचा.

पुढचा महिनाभर बाईंना दोन्ही पाळ्यांत आलटून पालटून ठेवलं; दोघांनी आपापल्या पाळीत त्यांचं काम पाहिलं आणि एकमेकांना न दाखवता आकडे भरले. दोघांचेही चार आले. दिवसपाळीवाल्यांनी प्रसंगही लिहिला होता: काचेवर कोंडा बसला म्हणून चांगला तांदूळ बाद होत होता, हे बाईंनी आधी ओळखलं. कागद देताना ते खाली बघत म्हणाले, "हे रोजच करत असंल. मीच पाह्यलं नाही."

ऑपरेटरची जागा बाईंना मिळाली. कागद मी त्यांना वाचून दाखवला. पाचची ओळ त्यांनी पुन्हा वाचायला लावली.

"मंग मायाजवळ हेल्पर म्हणून कोणाले देता?" त्यांनी विचारलं. "उद्यापासून शिकवाले सुरुवात करतो."