भिंगकाका आणि ठिपक्यांचं रोप

भिंगकाकांचं खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवून सांगावं लागायचं. चष्म्याच्या दुकानात काचा घासण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलेलं. शर्टाच्या खिशात कायम एक भिंग. भाजी घेताना टोमॅटोला भिंग, पावती वाचताना भिंग, आणि गेल्या वर्षी बायकोच्या केसातला पहिला पांढरा केस शोधला तोही भिंगानंच. त्या दिवशी जेवण उशिरा मिळालं, पण शोध खरा होता.

दुसरा नाद बाल्कनीचा. तिसऱ्या मजल्यावरची चिंचोळी बाल्कनी, दोन माणसं एकमेकांना 'जरा सरका' म्हटल्याशिवाय उभी राहू शकत नाहीत अशी. तिथे काकांनी कुंड्या अशा बसवल्या होत्या की कपडे वाळत घालताना काकूंना आधी झाडांची परवानगी घ्यावी लागे. काकू ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायच्या. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून ब्रेकवर पाय ठेवायचा आणि घरी येऊन नवऱ्यावर. सवय जात नाही.

काकांच्या फोनमध्ये दोन ॲप होती. एक फोटोवरून झाड ओळखणारं. दुसऱ्यात झाडाचं नाव, कुंडीचा आकार आणि ऊन किती येतं ते भरलं की ते पाणी कधी घालायचं याची आठवण करून द्यायचं. काका दोन्हींवर खूश. "माणसाला विचारलं की दहा जण अकरा मतं देतात. ॲप टक्के सांगतं, टक्के!"

वरच्या मजल्यावरची सिस्टर मोठ्या इस्पितळात नर्स होती. तिला वर्षभराच्या प्रशिक्षणाला परगावी जायचं होतं. जायच्या आदल्या दिवशी ती एक कुंडी घेऊन दारात उभी. मोठाली हिरवी पानं आणि त्यांवर गुलाबी ठिपके, कुणी ब्रश झटकावा तसे.

"काका, हे आईनं दिलंय. आई गेल्यापासून घरात तिच्या हातचं एवढंच उरलंय. नाव मलाही माहीत नाही. सांभाळाल?"

"सांभाळाल काय? माझ्याकडे आलेलं झाड मेलं तर भिंग फेकून देईन!" काका छाती काढून म्हणाले.

काकूंनी आठवण म्हणून कुंडी हातात धरलेल्या सिस्टरचा फोटो काढला आणि हळूच म्हणाल्या, "अहो, ब्रेक. भिंगाची किंमत ठाऊक आहे ना?"

सिस्टर गेली तशी काकांनी लगेच तपासणी सुरू केली. फोन रोपावर धरायचा तर साधा कसा धरणार? फोनच्या कॅमेऱ्यापुढे भिंग लावलं आणि पानाचा नखाएवढा तुकडा असा टिपला की ठिपक्याच्या कडाही मोजून घ्याव्यात. 'संपूर्ण रोप फ्रेममध्ये घ्या,' अशी बारीक सूचना ॲपनं दिली होती. काकांनी ती भिंगानं वाचली आणि सोडून दिली. धंद्यातल्या माणसाला कुणी फोकस शिकवायचा नसतो.

ॲपनं उत्तर दिलं: पोलका डॉट प्लांट, बासष्ट टक्के. खाली आणखी दोन-तीन नावं होती, पण पहिला नंबर आला की खालच्यांना कोण विचारतं? तेच नाव दुसऱ्या ॲपमध्ये गेलं. ॲप म्हणालं, या झाडाला कोरडी माती चालत नाही, माती सतत ओलसर हवी. मग काय, फोन वाजला की काका झारी घेऊन हजर. उन्हाळाभर रोप झकास वाढलं. काकांची मानही ताठ झाली.

थंडी पडायला लागली आणि ठिपके फिके पडले. पानं पिवळी झाली, मग एकेक देठ कुंडीच्या कडेवर मान टाकू लागलं. ॲपमध्ये लिहिलेलं होतं, 'पानं लोळली तर पाणी कमी पडतंय.' काकांनी आणखी पाणी घातलं. रोप आणखी लोळलं. काकांनी मातीवर भिंग धरलं. माती काहीच बोलेना.

त्यातच सिस्टरचा निरोप आला: 'रविवारी व्हिडिओ कॉल करते. आईचं झाड बघायचंय.'

शनिवारी सकाळी कुंडीत एकही पान उभं नव्हतं. चहा गार झाला तरी काका कुंडीसमोरून हलेनात. काकू शेजारी स्टुलावर बसल्या.

"एक विचारू? तुम्ही याचं पूर्ण पान ॲपला दाखवलंत कधी?"

"पान नाही तर काय, पायपुसणं दाखवलं?"

"ठिपका दाखवलात. शिकाऊ पोरं अशीच करतात. बोनेटच्या टोकाकडे बघत गाडी चालवतात आणि रस्ता राहतो बाजूला. मला तर ते पहिल्या दिवसापासून अळूच्या जातीचं वाटत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बासष्ट टक्क्यांपुढे माझं काय चालणार?"

काकांना ओशाळल्यासारखं झालं, पण हार मानणाऱ्यातले ते नव्हते. काकूंच्या फोनमधला सिस्टरचा जुना फोटो त्यांनी मागून घेतला. त्यात बदामाच्या आकाराची पानं, लांब देठ, सगळं स्वच्छ दिसत होतं. सिस्टरला कापून नुसतं रोप ठेवलं आणि ओळखणाऱ्या ॲपला दिलं. उत्तर आलं: कॅलॅडियम, चौऱ्याण्णव टक्के. या वेळी काकांनी खालचं सगळं वाचलं. कॅलॅडियम कंदातून उगवतं. थंडीत पानं टाकून झोपी जातं. तेव्हा पाणी बंद करायचं, नाहीतर कंद कुजतो.

"झोपलेल्याच्या तोंडावर तांब्या ओततोय मी," काका म्हणाले आणि वर्तमानपत्र पसरून त्यांनी कुंडी उपडी केली.

चिखलातून लिंबाएवढा कंद निघाला. एक बाजू मऊ पडलेली, वास मारणारी. काकांनी दाबून पाहिलं, बाकीचा टणक होता.  हे त्यांचं काम होतं: खराब कड ओळखायची आणि चांगलं ते वाचवायचं. ब्लेड स्पिरिटनं पुसून त्यांनी मऊ भाग पांढरा गर दिसेपर्यंत तासला, कापावर बुरशीनाशक पूड लावली आणि कंद सावलीत वाऱ्यावर ठेवला.

रविवारी फोन वाजला. "काका, दाखवा ना!"

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. वर्तमानपत्राखाली लपवता आलं असतं. काकांनी सरळ कंद कॅमेऱ्यापुढे धरला.

"सिस्टर, हे तुझं झाड. मी चुकीचं नाव धरून पाणी जास्त घातलं. एक बाजू सडली होती, ती काढली. बाकीचं झोपलंय."

पलीकडे सिस्टर स्क्रीनजवळ वाकली. मग सिस्टरचा आवाज बदलला, वॉर्डातला झाला. "कापलेल्या जागी ओल आहे? वास?"

"दोन्ही नाही."

"मग पेशंट तुमच्याकडेच राहू दे. पण काका, आता त्याला उठवायची घाई करू नका."

सुकलेला कंद चष्म्याच्या जुन्या केसमध्ये गेला, कोरड्या कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशावर, झाकण अर्धं उघडं. केस स्वयंपाकघरातल्या उबदार फळीवर. ॲपमध्ये काकांनी नाव बदललं, पाण्याची आठवण थांबवली आणि स्वतःची एक घातली: 'कंद चाचपा.' आठवड्याला फोन वाजला की काकू हाक मारायच्या, "अहो, पेशंटची नाडी!" दर वेळी कंद टणकच लागला. काकांचा आवाजही हळूहळू पूर्वपदावर आला.

हवा तापल्यावर कंद पुन्हा कुंडीत गेला आणि ॲपमधली पाण्याची आठवण पुन्हा सुरू झाली. सिस्टर परतली ती बॅग खांद्यावर घेऊनच थेट यांच्या बाल्कनीत. मातीतून गुंडाळलेली एक सुरळी वर आली होती, करंगळीएवढी, कडेला गुलाबी. काकांनी रुबाबात भिंग पुढे केलं.

"नको काका," ती वाकून बघत म्हणाली. डोळे भरले होते, पण हसत होती. "भिंगाशिवाय दिसतंय."

"दिसणारच! म्हणालो होतो ना, मरू देणार नाही."

तेवढ्यात फोन वाजला, पाण्याची वेळ. काकांचा हात सवयीनं झारीकडे गेला. काकूंचा पाय जमिनीवरच, पण नेमका ब्रेक दाबल्यासारखा हलला. काका थांबले, मातीत बोट घालून पाहिलं. ओल होती. त्यांनी 'नंतर' दाबलं आणि भिंग खिशात ठेवून दिलं.