पान एकोणीसशे चार

दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या पारनेरच्या वाचनालयात आम्ही दहा-बारा बायका जमतो आणि एकीने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, असा आमचा जुना रिवाज आहे. एकच पुस्तक, आठवड्याला थोडं थोडं. वाचून झालं की वाचणारीने मोठ्याने सांगायचं, 'आज अमुक पानापर्यंत.' मग जिच्याकडे वाचनालयाची प्रत असेल ती तिथे खूण घालते. पुढच्या गुरुवारी दुसरी कोणी वाचायला बसली तरी धागा तुटत नाही.

'दुसरी कोणी' हे म्हणायला. वाचायचे मीच. तीस वर्षं मुलींच्या शाळेत मराठी शिकवलं, गावात अर्ध्या बायका माझ्या विद्यार्थिनी. कोणी दोन पानं वाचली की बाकीच्या माझ्याकडे बघायच्या, आणि मी आढेवेढे न घेता पुस्तक ओढून घ्यायचे. हे मला आवडायचं, उगाच नम्रपणाचा आव कशाला आणू? नोकरी सुटल्यावर माझं म्हणण्यासारखं एवढंच उरलं होतं.

नियमही माझाच. वाचनालयाच्या दारावर मी स्वतः वळणदार अक्षरात लिहून लावला होता: 'मोबाईल पिशवीत, पुस्तक हातात.' एकदा आमच्या सिस्टर, म्हणजे ग्रामीण रुग्णालयातून निवृत्त झालेल्या नर्सबाई, वाचायची पाळी आली म्हणून मोबाईल काढून बसल्या. मी चष्म्यावरून बघत म्हटलं, "सिस्टर, ड्युटी संपली तुमची. आता कोणाचा ताप बघताय?" सगळ्या खो खो हसल्या. सिस्टरही हसल्या आणि मोबाईल पिशवीत टाकला. पुढे त्यांचा घसा वरचेवर बसू लागला. पाळी आली की म्हणायच्या, "तुमीच वाचा बाई, माझा आवाज न्हाई चांगला." मीच वाचायचे. हे त्या वेळी मला गैरसोयीचं अजिबात वाटलं नाही.

मग गेल्या पावसाळ्यात ओळींच्या मधोमध एक डाग येऊन बसला. ज्या शब्दाकडे बघावं तोच पुसट, कडेचे मात्र स्वच्छ. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय, चष्म्याचा नंबर वाढवून उपयोग नाही, अक्षर मोठं करून वाचत जा. घरी येताना एसटीत मी सुनेला बजावलं की हे कोणाला सांगायचं नाही. ती सुप्याला कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला आहे. ती बरं म्हणाली आणि पुढच्या पगाराला एक आठ इंची टॅब घेऊन आली.

पहिले आठ दिवस मी त्या टॅबला शिव्याच घातल्या. आमचं चालू असलेलं पुस्तक कोणीतरी स्कॅन करून पीडीएफ केलेलं माझ्या भाच्याने धाडलं होतं. दोन बोटांनी ताणलं की अक्षर मोठं व्हायचं खरं, पण ओळ पडद्याबाहेर पळायची. तिच्यामागे पान डावीकडे सरकवत जायचं, ओळ संपली की परत उजवीकडे ढकलायचं, तोवर खालची ओळ कुठली होती ते हरवलेलं. चार ओळी वाचून मला घाम फुटायचा. सून म्हणाली, "आई, हे पुस्तक नाही, पुस्तकाचे फोटो आहेत. फोटो मोठा केला तर सगळाच मोठा होणार. ओळी कुठे तोडायच्या हे त्याला कळत नाही. आपल्याला इपब पाहिजे, खरं ई-पुस्तक." मग तिने त्याच पुस्तकाची ई-आवृत्ती विकत घेतली. ती मात्र त्यांच्याच ॲपमध्ये उघडते, दुसऱ्या ॲपात नेता येत नाही, आणि त्या ॲपात अक्षर एका मापापुढे वाढत नव्हतं. ते माप मला पुरलं नाही. शेवटी तिने दुसऱ्या दुकानातून कुलूप नसलेली इपब फाईल मिळवली आणि वेगळं ॲप घातलं.

त्यात अक्षर वाढवलं की ओळी आपोआप नव्याने मांडल्या जायच्या. कितीही मोठं करा, ओळ पडद्यातच. सुनेने काळ्या पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर केलं, ते मला जास्त मानवलं. मोठ्या अक्षरात दोन्ही कडा सरळ राखायच्या नादात शब्दांमध्ये हे एवढाले खड्डे पडत होते, म्हणून तिने ओळी फक्त डावीकडून सरळ ठेवल्या. एका पडद्यावर बारा-पंधरा शब्द. उजव्या कडेला टिचकी मारली की पुढचे बारा-पंधरा. मी एका बैठकीत अख्खं प्रकरण वाचलं आणि पदराने डोळे पुसले. या वेळी ते डागाने पुसट झाले नव्हते, नुसते भरून आले होते.

एवढं झाल्यावर सरळ टॅब घेऊन वाचनालयात जायचं, टेबलावर ठेवायचा, 'बायांनो, मला आता दिसत नाही' म्हणायचं आणि वाचायला लागायचं, एवढंच करायचं होतं. पण दारावर माझंच अक्षर होतं. शिवाय एका पडद्यावर बारा शब्द, बालवाडीच्या पुस्तकापेक्षा मोठे, हे कोणी मागून डोकावून पाहिलं तर? मराठीच्या बाईंना बाराखडीचा तक्ता लागतो, असं गावभर होईल, या कल्पनेनेच माझे कान तापले.

म्हणून मी चोरी केली. माझ्या घरच्या छापील प्रतीला तपकिरी कव्हर घातलं, ते उघडं धरलं आणि उजव्या पानावर टॅब ठेवला. आठ इंची, बरोबर मावला. खिडकीला पाठ करून बसायला लागले, म्हणजे मागे कोणी यायला नको. अंगठ्याने टिचकी मारायची आणि अधूनमधून उगाच डावीकडचं एखादं कागदी पान उलटल्यासारखं करायचं. वाक्याच्या मध्ये पडदा संपायचा, तिथे मी असा दम घ्यायचे की ऐकणारीला वाटावं, बाई भावनेने थांबल्या. एक-दोघींनी तसं बोलूनही दाखवलं. तुमचं वाचन हल्ली लई काळजाला भिडतंय, म्हणे. मी मान लववून ते घेतलं, ही लाज वेगळीच.

पानाची अडचण होती. टॅबवर खाली पानाचा आकडा येतो, पण तो पडद्यांचा. अक्षर जेवढं मोठं तेवढे पडदे जास्त. कागदी पुस्तक जेमतेम अडीचशे पानांचं, माझ्या टॅबवर ते काही हजार पानांचं झालं होतं. म्हणून बुधवारी सून छापील पुस्तक घेऊन मला सांगून ठेवायची की प्रकरण अमुक पानावर संपतं. गुरुवारी मी प्रकरण संपवायचे आणि तो आकडा ठोकून द्यायचे. दिवाळी गेली, संक्रांत गेली, कोणाला काही कळलं नाही.

होळीच्या आधीच्या गुरुवारी प्रकरण मोठं होतं. मध्येच एकीला घरून फोन आला, पाहुणे आलेत, सगळ्यांनाच उठायची घाई झाली. वाचनालयाच्या मदतनीस बाई किल्ली घेऊन उभ्या. खूण घालणारीने विचारलं, "बाई, कोणतं पान?" प्रकरण संपलं नव्हतं, म्हणजे सुनेने सांगितलेला आकडा चालणार नव्हता. मी सवयीने खाली बघितलं आणि जे दिसलं ते खणखणीत आवाजात वाचलं.

"आज पान एकोणीसशे चारपर्यंत."

कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर मी सुटले असते. खूण घालणारी हातातल्या प्रतीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. माझ्या हातातून कव्हर घातलेलं पुस्तक निसटलं आणि टॅब टेबलावर आदळला. पडदा चालूच होता. काळ्यावर पांढरे, अंगठ्याएवढे बारा शब्द सगळ्यांच्या पुढ्यात. एका जुन्या विद्यार्थिनीने पटकन नजर दुसरीकडे वळवली. तिची ती दया मला सगळ्यात जास्त झोंबली. जमिनीने मला पोटात घ्यावं असं वाटलं. मी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले, नगरचे डॉक्टर, पडदा, सून. माझं मलाच नीट ऐकू आलं नाही.

सिस्टर उठून आल्या. त्यांनी टॅब हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मला वाटलं, आता टोमणा येणार, आणि तो यायलाच पाहिजे होता. पण त्या वाचायला लागल्या. खुरडत, एकेक शब्द चाचपत. पडदा संपला तशा थांबल्या आणि मला विचारलं, पुढं कसं जायचं. मी त्यांचा अंगठा धरून उजव्या कडेला टेकवला. पुढचं पान आलं, त्यांनी तेही वाचलं. आवाज चांगला होता. घसा बसलेला नव्हताच.

"ह्याच्याहून मोठं व्हतं का?" त्यांनी विचारलं.

मी अक्षराची पट्टी शेवटपर्यंत सरकवली. पडद्यावर पाचच शब्द राहिले. त्यांनी ते झरझर वाचले.

"साखरेनं डोळे गेले माझे," त्या टॅबवरून नजर न काढता म्हणाल्या. "तवा मोबाईल काढला हुता ना मी, त्यात आपलं तवाचं पुस्तकच हुतं. नातीनं अक्षर मोठं करून दिल्तं. तुमच्यापुढं वाचायचं म्हणून घरी चार दिवस सवय केल्ती."

तापाचा तो विनोद, ते खो खो हसणं, दारावरचं माझं वळणदार अक्षर, सगळं एकदम समोर आलं. इतके महिने मला वाटत होतं की माझी अब्रू मी लपवून ठेवते आहे. लपवत होते ती दुसऱ्या बाईच्या हक्काची वस्तू. मला दिसेनासं झालं तेव्हा मला सून होती, टॅब होता, चोरी करायची अक्कल होती. त्यांनी न लपवता आणलं होतं आणि मी ते हसून पिशवीत टाकायला लावलं.

दारावरचा कागद मी त्याच संध्याकाळी काढला. खाली राहिलेला गोंद नखाने खरवडला तरी निघाला नाही, त्याचा चौकोन अजून तिथे आहे. आता आम्ही पानाचा आकडा सांगत नाही, प्रकरण सांगतो आणि शेवटचं वाक्य पुन्हा एकदा वाचतो. खूण घालणारी ते वाक्य कागदी पुस्तकात शोधून काढते. सिस्टरांची पाळी दर गुरुवारी पहिली असते. मी शेजारी बसते आणि त्या थांबल्या तर सांगते, उजवीकडे.

त्या दिवशी किल्लीवाल्या बाई दार लावायला उभ्या असताना सिस्टरांनी टॅब माझ्या हातात परत दिला होता. पायऱ्या उतरता उतरता त्यांनी सहज विचारलं होतं, "कवापासून वाचताय ह्याच्यावर?"

मी म्हटलं, दिवाळीच्या आधीपासून.

"व्हय का," त्या म्हणाल्या. आणखी दोन पायऱ्या उतरून म्हणाल्या, "मला सांगितलं असतं तर मी बी वाचलं असतं की हो."