पवित्रा वजा केल्यावर

"पांघरूण घे, डोळे मीट, आणि मध्ये बोलायचं नाही," मी स्मृतीला म्हटलं. राजा-राणी मला येत नाहीत. चाळीस वर्षं इंदिरानगरात कपडे शिवलेला माणूस मी, नागोजी. मला येतात ती मापं.

चार महिने झाले, नात नीट झोपत नव्हती. तिची आई पवित्रा, माझी सून, तापाचं निमित्त होऊन गेली. आणि मी मोठा शहाणा! घरात फर्मान काढलं, पोरीसमोर तिचं नाव काढायचं नाही. माझा मुलगा सुरज, त्यानंही गुमान ऐकलं.

"अज्जा, गोष्ट नको. सरासरी म्हणजे काय ते सांग. मिसचं मला कळलंच नाही."

मी खूश! गेल्या पाडव्याचे फोटो मोबाइलवर उघडले. आमच्याकडे दर पाडव्याला उंची मोजतात. दाराच्या चौकटीला माझी टेप चिकटवायची, अनवाणी टाच टेकून उभं राहायचं, डोक्यावर वही आडवी धरायची, आणि मोबाइल वहीच्याच उंचीला धरून फोटो काढायचा. खालून काढला की आकडा जास्त दिसतो. सुरजवर दरवर्षी ओरडावं लागतं.

"बाबा एकशे चौऱ्याहत्तर, मी एकशे बासष्ट, तू एकशे चौदा, आणि हा चौथा फोटो, दीडशे. बेरीज सहाशे. माणसं चार. भागिले चार, दीडशे. ही सरासरी. म्हणजे बाबाचे चोवीस कापायचे, माझे बारा, आणि ते छत्तीस तुला जोडायचे. कापड तेवढंच, पण सगळे सारखे. कळलं?"

"आणि चौथ्याचं?"

"त्याला कात्री नाही, जोड नाही. ते माप आधीच सरासरीएवढं."

तिनं चौथ्या फोटोवर अंगठा ठेवला. "आता कर."

"साडेचारशे. भागिले तीन..." मी पुन्हा मोजून पाहिलं. "दीडशे."

"तेवढीच? आई नसली तरी?"

"नेमकं सरासरीएवढं माप काढलं, तर सरासरी हलत नाही," मी म्हणालो. हिशोब बरोबर होता, आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

ती उठून बसली. "म्हणून तुम्ही कुणी तिचं नाव घेत नाही? काहीच फरक पडला नाही म्हणून?"

अरे देवा! काय करून बसलो मी!

"नाही गं बाळा, बेरीज बघ! सहाशेचे साडेचारशे झाले. जे उरले त्यांची वाटणी सरासरी सांगते, कोण गेलं ते नाही सांगत. दीडशे सेंटिमीटरची अख्खी बाई गेली या घरातनं."

"कोण बाई?"

"पवित्रा," मी म्हणालो. आवाज चढला असावा. स्वयंपाकघरातून सुरज धावत दारात आला.

"परत म्हण," स्मृती म्हणाली.

मला रडू आवरेना. मग सुरजनं म्हटलं.