डाव्या हाताची नाडी

विशीत असताना माझ्या डाव्या हाताची नाडी गेली, आणि त्याच वर्षी मी आयुष्यात सगळ्यात जास्त हसले. ते हसू गोळ्यांचं होतं. पण गोळ्यांच्या आधी मीठ आलं, म्हणून मिठापासून सांगते.

सत्तरच्या दशकात आम्ही भिवंडीत कामतघरच्या चाळीत राहायचो. खाली कापड विणणारे लूम, वर आम्ही. ताटातली आमटीसुद्धा दिवसभर थरथरायची. मी घरी कांड्या भरायचे, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळायचे. हळूहळू वेणी घालतानाही डावा हात भरून यायला लागला. बारीक ताप, चक्कर, डोकेदुखी. आई मला नाक्यावरच्या डॉक्टरांकडे न्यायची. आई अंजूर गावची, बाईमाणसाची नाडी डाव्या हाताचीच बघायची, हे तिच्या डोक्यात पक्कं. मी स्टुलावर बसले की ती माझा डावा हात पुढे करायची आणि गर्दीने दमलेले डॉक्टर त्यालाच प्रेशरचा पट्टा बांधायचे.

"लो आहे. आवाजसुद्धा धड लागत नाही. मीठ वाढवा जरा."

आईला एवढंच हवं होतं. लिंबू-मिठाचं पाणी, लोणचं, पापड, माहेरचं सुकट! डोकं मात्र फुटायच्या बेतात आलं.

मग दवाखान्याच्या भिंतींना चुना लावायला काढला. टेबल दुसऱ्या भिंतीला गेलं आणि मशीन माझ्या उजव्या बाजूला आलं. डॉक्टरांनी जवळचा हात धरला, पट्टा फुगवला. पारा एकशे नव्वदवर! त्यांना वाटलं, मशीन बिघडलं. त्यांनी ते स्वतःला लावलं, कंपाउंडरला लावलं, आईलाही लावलं. सगळे ठणठणीत. पुन्हा माझा डावा हात घेतला: जेमतेम सत्तर. उजवा: एकशे नव्वद. मला हसू आवरेना. एकाच पोरीचे दोन हात दोन गावांचे निघाले होते. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी डावं मनगट चाचपलं, तिथे नाडीच नव्हती. गळ्याच्या हाडावर स्टेथोस्कोप ठेवून बराच वेळ ऐकलं. रक्त अरुंद जागेतून घुसताना होते तशी फुसफुस तिथे होती.

"मावशी, मीठ आजपासून बंद. खरं प्रेशर उजव्या हाताचं आहे. पोरीला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात न्या."

तिथे रक्त तपासलं, रंग सोडून रक्तवाहिन्यांचे फोटो काढले. हृदयातून रक्त नेणाऱ्या मोठ्या रोहिण्यांना सूज होती. डाव्या हाताची जवळजवळ बुजलेली, मूत्रपिंडाकडे जाणारी एक अरुंद. प्रेशर चढत होतं ते तिच्यामुळे. तरुण बायकांत हे जास्त दिसतं, असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. शरीराचं संरक्षण करणारी फौजच आपल्या रोहिण्यांवर उलटते. फौजेला दाबायला प्रेडनिसोलोन, आणि प्रेशरची वेगळी गोळी. फौज दबली की साधा तापही अंगावर काढायचा नाही. आणि प्रेडनिसोलोन एकदम बंद केली तर जिवावर बेतेल. ती कमी करायची ती डॉक्टरांनीच, थोडीथोडी.

त्या गोळ्यांनी मी उधळलेच. ताप गेला, झोप उडाली, भूक अशी की शेजारणीच्या भाकरीचा वास आला तरी जीव जायचा. लूमच्या खडखडाटावर मी घरात गिरक्या घ्यायचे. गाल टम्म फुगले. "बिटिया की तबीयत बन गयी!" शेजारीण म्हणायची. ती औषधाची सूज होती, पण आईला कोण सांगणार? तिच्या दृष्टीने पोर भरली होती.

रोज सकाळी ती माझं डावं मनगट अंगठ्याने दाबून बसायची. एके दिवशी ओरडलीच, "आली! नाडी आली गो पोरी!" मला आधी वाटलं, खालचा लूम ठोकतोय. पण मीही नाचले. चाळभर पेढे झाले. आईने गोळ्यांची बाटली पदरात बांधली. "बरी झालीस. आता ही विषं न्हाय खायची." उद्यापासून गोळ्या बंद. सुटले म्हणून मी टाळ्या पिटल्या. इस्पितळातलं बजावणं दोघींनाही आठवलं नाही.

संध्याकाळी पेढे घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पेढा तोंडात टाकला, माझ्या मनगटावर बोटं ठेवली आणि चावायचे थांबले.

"मावशी, तुम्ही कशी बघता, दाखवा."

आईने अंगठा दाबला. "ही काय! चालतीय."

डॉक्टरांनी तिचा अंगठा हळूच उचलून टेबलावर टेकवला. "आता?"

आईने कान दिल्यासारखी मान वाकडी केली. "हितं पन हाय."

"ती तुमची आहे. अंगठ्याला स्वतःची नाडी असते, म्हणून आम्ही बोटांनी बघतो. हिच्या हातात अजून काही नाही. गोळ्या चालू आहेत ना?"

आईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने पदराची गाठ सोडून बाटली टेबलावर ठेवली. टेबलाच्या नाडीवरून मला हसू फुटलं होतं, ते इस्पितळातलं बजावणं आठवलं तसं थांबलं. उद्या सकाळी ती गोळी मला मिळणार नव्हती.

डॉक्टरांनी बाटली माझ्या हातात दिली. आईने पुन्हा माझं मनगट ओढून घेतलं आणि अंगठा तिथेच दाबला.

"माजी तर माजी," ती म्हणाली. "हिची येईस्तवर हीच चालू दे."